कला-इतिहासाच्या मास्टर्ससाठी एसओपी : मसुदा वाचून मत द्या (आणि पांडवलेणी ‘फार लोकल’ होतात का?)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकची. आर्किटेक्चर झालं, सध्या कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात बंगल्यांची ड्रॉइंग्ज काढते. पुढच्या वर्षी बाहेर कला-इतिहासात मास्टर्स करायचं ठरतंय. लंडनमधली दोन ठिकाणं, जर्मनीत हायडेलबर्ग, आणि जमलं तर अमेरिकेत एक. एसओपीची, म्हणजे हा विषय का शिकायचा ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाची, सुरुवात खाली देतेय. मूळ इंग्रजीत आहे, पण इथे सगळ्यांना वाचता यावी म्हणून मराठीत टाकतेय.

“लहानपणी आजोबांचा हात धरून पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात इतिहासाची ओढ निर्माण झाली. भारताला हजारो वर्षांचा समृद्ध कलावारसा लाभला आहे, पण आज तो दुर्लक्षित आहे. वास्तुविशारद म्हणून या वारशाचे जतन करणे मी माझे कर्तव्य मानते. आपल्या नामांकित विद्यापीठात मला जागतिक दृष्टिकोन मिळेल अशी खात्री वाटते.”

प्रश्न असा, की पांडवलेणी ठेवू का काढू? ऑफिसातले सर म्हणाले, अजिंठा-वेरूळ तरी लिही, नाशिकची लेणी तिकडे कोणाला माहीत आहेत!

मिसळ_विदाउट_पाव
आजोबांचा हात धरून महाराष्ट्रातला प्रत्येक गड, लेणं आणि देऊळ कोणी ना कोणी चढलेलं आहे. प्रवेश समितीने आजोबांसाठी वेगळा कोटा ठेवायला हवा.

(सॉरी, लिहिलंय छान.)

धनुकाका
बेटा, माझ्या पुतण्याच्या वेळी हे सगळं केलं आहे म्हणून अनुभवाने सांगतो. एसओपीत तीन गोष्टी ठासून लिहायच्या. शिक्षण झालं की मी भारतात परत येणार, आई-वडिलांची इथे मालमत्ता आहे, आणि खर्च कोण करणार. फिक्स डिपॉझिटचा उल्लेख अवश्य कर. लेणी वगैरे ऑफिसरला काही कळत नाही.

वडाळा_नाका
काका, तुम्ही व्हिसाच्या एसओपीबद्दल बोलताय. ताई विद्यापीठाच्या प्रवेशाचं विचारतेय. तिथे एफडीचं लिहिलं तर प्राध्यापक घाबरतील.

धनुकाका
असं होय. पण व्हिसाच्या वेळी माझं ऐकाल.

स्वप्नपूर्ती_अब्रॉड
मी गेली काही वर्षं मुलांना एसओपी लिहायला मदत करतो. धनुकाकांचं सोडा, पण आजोबा काढायची गरज नाही. पहिल्या वाक्यात वाचणारा अडकला पाहिजे आणि त्यासाठी वैयक्तिक प्रसंगासारखं दुसरं काही नाही. ब्रिटनमध्ये तर त्याला नावच पर्सनल स्टेटमेंट आहे. त्यानंतर तुमचे गुण, सॉफ्टवेअर, बक्षिसं, आणि शेवटी विद्यापीठाचं कौतुक. माझ्या एमबीएच्या मुलांना यावर चांगल्या ऑफर आल्या आहेत.

तांबट
धागा उशिरा पाहिला. मी लंडनमध्ये हे मास्टर्स केलंय, आता मुंबईत एका संग्रहालयात सूचीचं काम करते. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी @स्वप्नपूर्ती यांच्याबद्दल. नाव पर्सनल असलं तरी ब्रिटनमध्ये मास्टर्सच्या अर्जात त्यांना बहुतेक वेळा अभ्यासाबद्दलच वाचायचं असतं. अमेरिकेत काही विद्यापीठं दोन वेगळे निबंध मागतात, तिथे घर, आजोबा, परिस्थिती यांना दुसऱ्या निबंधात जागा असते. एमबीएचा साचा इथे का चालत नाही, तर वाचणारा माणूस वेगळा आहे. हा कागद प्रवेश कार्यालयातून शेवटी त्या विषयाच्या प्राध्यापकापुढे जातो. तो एकच गोष्ट शोधत असतो : या मुलीला बघता येतं का? म्हणजे एखाद्या वस्तूसमोर उभी राहिली तर तिला तिथे असं काही दिसतं का, ज्यातून प्रश्न तयार होतो?

आता @गोदाकाठची, तुझा मसुदा. पांडवलेणी लोकल आहेत ही अडचणच नाही. अडचण अशी की तुझ्या चार वाक्यांत पांडवलेणी नाहीतच, फक्त पायऱ्या आहेत. तिथे सिंहगड घातला तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. अजिंठा घातला तरी तेच होईल, त्यामुळे तुझ्या सरांचा उपाय निरुपयोगी आहे. उलट अजिंठ्यावर इतकं लिहून झालंय की नवख्या माणसाला तिथे पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हा एसओपी कला-इतिहासाचा नाही, संवर्धनाचा आहे. ‘दुर्लक्षित’, ‘जतन’, ‘कर्तव्य’. खांबाला तडा गेलाय, तो कसा सांधायचा हा संवर्धनाचा प्रश्न झाला. खांबाचा शेजारच्या लेण्यातल्या खांबाशी काय संबंध, तो असाच का कोरला, कोणी पैसे दिले, हा आपला. आर्किटेक्चरच्या मुलांच्या अर्जात हा घोळ फार दिसतो. वाचणारा प्राध्यापक मनात म्हणतो, चांगली मुलगी आहे, शेजारच्या विभागात पाठवा.

एक काम कर. वही घेऊन वर जा, क्रमांक ३ आणि क्रमांक १० एवढीच दोन लेणी बघ आणि काय दिसलं ते इथे लिही. इतिहास लिहू नकोस, दिसलं ते लिही.

मिसळ_विदाउट_पाव
हा गृहपाठ आहे. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

सिन्नरकर
पांडवलेणीपेक्षा आमचा गोंदेश्वर घ्या की. यादवकालीन, पंचायतन, भूमिज शिखर, आणि गर्दी नाही. येताना हायवेला मिसळही.

वडाळा_नाका
गर्दी नाही हा एसओपीतला मुद्दा आहे का? आणि मिसळ नाशकातच खायची. यावर चर्चा नको.

(यानंतर मिसळीवरचे प्रतिसाद नव्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

सौ_मखमलाबाद
मला एक विचारायचंय, राग मानू नका. माझी मुलगी पण हेच म्हणतेय. एवढे पैसे घालून हे शिकून नोकरी काय मिळते?

तांबट
राग कसला. संग्रहालयं, लिलावगृहं, कलादालनं, प्रकाशन, शिकवणं. जागा कमी, पगार इंजिनीअरपेक्षा कमी. कर्ज काढून जायचं असेल तर हे आधी घरात बोलून घ्या. शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी. एक दिलासा : ब्रिटनचं मास्टर्स एक वर्षाचं असतं म्हणून पूर्वी इथे समकक्षतेला अडायचं, पण २०२२ मध्ये दोन्ही देशांत पदव्यांच्या मान्यतेचा करार झाला आहे.

गोदाकाठची
जाऊन आले. @तांबट, जे दिसलं ते असं.

दोन्ही लेण्यांचा आराखडा जवळजवळ सारखा आहे. पुढे खांबांचा व्हरांडा, आत मोठा चौकोनी दालनासारखा भाग, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. खांबांचे वरचे भागही एकाच घराण्यातले : उपडी घंटा, तिच्यावर एकावर एक बाहेर येत जाणाऱ्या पाट्या, आणि सगळ्यात वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. पण १० मधली घंटा उंच आणि निमुळती आहे, ३ मधली बुटकी. १० मध्ये खांबाच्या तळाशी मोठे घट आहेत, ३ मध्ये तळ नाहीच, अष्टकोनी खांब थेट कट्ट्यातून वर येतो. ३ मध्ये मात्र सजावट जास्त. दरवाजाभोवती कोरीव काम, व्हरांड्याच्या खाली सगळा भार उचलून धरणारे ठेंगणे यक्ष. १० वर नुसती वेदिकेची, म्हणजे कठड्याच्या नक्षीची, साधी पट्टी.

आणि एक गोष्ट, जी मी इतक्या वेळा जाऊनही पाहिली नव्हती. ३ च्या मागच्या भिंतीवर मधोमध स्तूप कोरलाय, उठावात. १० मध्ये त्याच जागी भैरव उभा आहे. पण भैरवाच्या वर स्तूपाचा माथा आणि आजूबाजूची थोडी सजावट तशीच आहे! म्हणजे तिथेही स्तूपच होता आणि नंतर कोणीतरी त्यातूनच भैरव काढला.

रखवालदारांनी विचारलं, कसलं सर्वेक्षण करताय.

इतिहासप्रेमी_६७
उत्तम निरीक्षण. पण अनुमानात दुरुस्ती हवी. सातवाहन या भागात आधीपासून होते, क्षहरात घराण्याचा राजा नहपान बाहेरून आला. म्हणून ३ क्रमांकाचं सातवाहनांचं लेणं मूळ आणि १० ही नहपानाच्या जावयाने केलेली नक्कल, असं दिसतं. क्रमांकही तेच सांगतो.

तांबट
@इतिहासप्रेमी, अर्धं बरोबर. सातवाहन इथे आधी होते हे खरं. १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह म्हणजे कृष्ण याचा उल्लेख आहे आणि ते इथल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी. पण क्रमांकाचा काळाशी संबंध नाही, ते डोंगराच्या एका टोकापासून ओळीने टाकलेत. ३ आणि १० पुरतं बोलायचं तर क्रम साधारण उलटाच मानतात. १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षातला, आणि त्यात तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला असं ती अभिमानाने सांगते. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा स्वतःचा लेख आहे. त्यात तो भिक्षूंना एक शेत देतो, आणि हे शेत आजवर उषवदाताकडे होतं असं स्पष्ट म्हणतो. म्हणजे हरलेल्याची जमीन तर घेतलीच, वर लेणंही त्याच्याच धर्तीवर.

@गोदाकाठची, बघ, आता प्रश्न तयार झाला. ज्यांचा वंश निखंदल्याचा अभिमान, त्यांच्याच खांबांसारखे खांब का? कारागीर तेच होते म्हणून? ‘आम्हीही देऊ शकतो, आणि जास्त नटवून’ असं दाखवायचं होतं म्हणून? की त्या काळी भिक्षूंच्या लेण्याचा हाच रिवाज होता आणि आपण उगाच राजकारण शोधतोय? कार्ल्याच्या चैत्यातही खांबाच्या तळाशी घट आहेतच.

पण सावध. खांबांची ही तुलना तुझी म्हणून लिहू नकोस. लेण्यांचा अभ्यासक जेम्स बर्जेस याने एकोणिसाव्या शतकात ही घंटा बुटकी, ती डौलदार, हे सगळं लिहून ठेवलंय. भैरवाचा स्तूपही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. आणि १८८३च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये पांडवलेणीवर भगवानलाल इंद्रजींनी केलेलं सविस्तर काम आहे, ते वाच. वाचणारा प्राध्यापक या भागातला असेल तर त्याला हे पाठ असतं. जुनं निरीक्षण नवं म्हणून मांडलं की अर्ज तिथेच बाजूला पडतो. ‘बर्जेसने हे नोंदवलं, पण पुढे अमुक विचारलं नाही’ असं म्हटलंस तर तेच निरीक्षण तुझ्या बाजूने उभं राहतं.

मिसळ_विदाउट_पाव
थोडक्यात, साहेब आधीच येऊन गेले होते.

गोदाकाठची
मग माझं असं काय उरलं?

तांबट
तू आर्किटेक्ट आहेस ते उरलं. विचार कर, दगड कमी करता येतो, वाढवता येत नाही. भैरव कोरणाऱ्याला स्तूपाचा जेवढा फुगवटा भिंतीबाहेर होता तेवढ्यातच मूर्ती बसवायची होती. मग भैरवाची उंची, खांद्यांची रुंदी, उठावाची खोली यातलं किती त्याने ठरवलं आणि किती आधीच्या स्तूपाने? ३ मधला स्तूप शाबूत आहे. दोन्हींची मापं घेऊन एकाच प्रमाणात एकावर एक ठेवली तर काहीतरी दिसेल. हे बर्जेसने केलेलं नाही आणि इंग्रजी साहित्याच्या पदवीधराला जमणार नाही. सॉफ्टवेअरची यादी देण्याऐवजी ही एक ओळ लिही.

मर्यादाही लिही. भैरव कधी कोरला ते सांगणारा लेख तिथे नाही, त्यामुळे काळ फक्त शैलीवरून आणि आयुधांवरून, म्हणजे ढोबळच. दोन्ही स्तूप मुळात एकाच मापाचे होते हे गृहीतक आहे. आणि लेणी एएसआयच्या, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या, ताब्यात आहेत. तिवई लावून, नीट मापं घ्यायची तर परवानगी काढावी लागेल. आत्ता फोटोवरून केलं असेल तर ‘फोटोवरून’ असंच लिही.

नेकार_किनारी
मी हायडेलबर्गला आहे, विषय वेगळा, पण मैत्रिणी याच विषयात. @तांबट यांच्याशी अर्धी सहमत. प्रश्न हवा, पण मास्टर्स म्हणजे पीएचडी नाही. एकाच लेण्यातल्या एकाच भिंतीवर सगळा एसओपी बेतला तर ‘हिचं आधीच ठरलंय, आमच्याकडे काय शिकणार’ असंही वाटू शकतं. इथला ट्रान्सकल्चरल स्टडीजचा अभ्यासक्रम घेतला तर त्यांना एका परंपरेतून दुसरीत वस्तू कशा जातात यात रस आहे. तिथे स्तूपाचा भैरव फिट बसेल. लंडनच्या एखाद्या ठिकाणी प्राचीन भारत शिकवणारं त्या वर्षी कोणी नसेलच, तर काय?

तांबट
शेवटचा मुद्दा मान्य. लंडनला कोर्टोल्ड या कला-इतिहासाच्या संस्थेत तर अर्ज करतानाच एक खास विषय निवडावा लागतो आणि वर्षभर मुख्यत्वे तोच. ते विषय दरवर्षी तसेच असतील असं नाही, म्हणून त्या वर्षीची यादी बघूनच लिहायचं. प्रत्येक विद्यापीठाला तोच परिच्छेद चालणार नाही. भैरव तोच ठेव, पण त्यातून निघणारा मोठा प्रश्न बदल : एके ठिकाणी वस्तूचं पुढचं आयुष्य, दुसरीकडे आश्रयदाते.

फार अरुंद होतं, याच्याशी मात्र सहमत नाही. अरुंद लिहिणाऱ्याला पुढे रुंद करता येतं, पण ‘जागतिक दृष्टिकोन’ लिहिणाऱ्याला नेमकं काय हवंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

नेकार_किनारी
तुम्हाला प्रवेश मिळाला म्हणून तसं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीचा असाच नेमका एसओपी दोन ठिकाणी नाकारला गेला आणि तिसरीकडे घेतला. कारण कोणी सांगत नाही.

तांबट
हे खरंय.

इतिहासप्रेमी_६७
क्रमांकांबद्दल आभार, नव्याने कळलं. पण ताईंनी ब्राह्मी येते असं अवश्य लिहावं. नाशकात कार्यशाळा होतात, मी केली आहे. बाहेर कोणाला येते!

गोदाकाठची
मीही केलीय ती कार्यशाळा. अक्षरं ओळखता येतात. लिहू?

तांबट
अक्षरं ओळखता येतात, प्राकृतचा अर्थ अजून लागत नाही, असं लिही. मुलाखत झाली आणि समोर बलश्रीच्या लेखाची ओळ ठेवली तर? खरं सांगायचं तर तुझी मराठी ही तिथे भाषाच आहे, ती लिहायला लोक विसरतात. मोडी येत असेल तर तीही, पण ती पेशवाईतल्या विषयाला कामाची, इथे नुसती शोभेची होईल. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जर्मन किंवा फ्रेंच वाचता यावं अशी अट असते. त्याबद्दल ‘शिकायला सुरुवात केली’ हे केली असेल तरच.

गोदाकाठची
नवा मसुदा, सुरुवातच फक्त.

“नाशिकच्या दहाव्या लेण्यात मागच्या भिंतीवर भैरवाची मूर्ती आहे. तिच्या वर एका स्तूपाचा माथा अजून शिल्लक आहे. बर्जेसने हा बदल नोंदवला, पण त्याने पुढे पाहिले नाही. मला नेमके तेच पाहायचे आहे. तिसऱ्या लेण्यातला तसाच स्तूप शाबूत आहे. दोन्हींची रेखाचित्रे मी फोटोंवरून एका प्रमाणात काढली, तेव्हा भैरवाचे खांदे स्तूपाच्या अंडाच्या, म्हणजे घुमटाच्या, रुंदीबाहेर जात नाहीत असे दिसले. जागेवर मापे घेतल्याशिवाय हे सिद्ध होत नाही. पण शिल्पकार आधीच्या आकाराला बांधलेला होता की त्याने तो आकार जाणून वापरला, हा प्रश्न मला मापांनी सोडवता येणार नाही, आणि त्यासाठी मला कला-इतिहास शिकायचा आहे.”

वडाळा_नाका
शेवटचं वाक्य! आर्किटेक्चर सोडून इकडे का, याचं उत्तर त्यातच आलं.

स्वप्नपूर्ती_अब्रॉड
चांगलं आहे, मान्य. पण कोरडं वाटतं. आजोबा एका ओळीत तरी?

मिसळ_विदाउट_पाव
आजोबांना भैरवाच्या बाजूला प्रमाण दाखवायला उभं करा.

तांबट
हसले. मसुदा खूप सुधारलाय. दोन खोड्या. ‘त्याने पुढे पाहिले नाही’ हे जपून, तो लेणं सोडून गेल्यावर इतरांनी पाहिलं का, हे तू तपासलंयस का? ‘माझ्या वाचनात पुढची चर्चा आली नाही’ एवढंच लिही. आणि फोटो तिरके काढले असतील तर खांद्यांची रुंदी फसवते. कॅमेरा भिंतीला समोरासमोर होता का? लेण्यातल्या अंधारात मागे सरायला जागा असते, पण मोबाईलचं रुंद भिंग कडा ताणतं. त्याच भिंतीवरच्या एखाद्या खोलीच्या दाराची रुंदी फोटोत आणि प्रत्यक्षात जुळते का बघ.

लेखनाचा नमुनाही मागतील. आर्किटेक्चरचा प्रबंध तसाच पाठवू नकोस, त्यात अर्धी पानं साइट अ‍ॅनालिसिसची असतात. एसओपीत लेणं आणि नमुन्यात बसस्थानक असं झालं तर वाचणारा गोंधळतो.

गोदाकाठची
प्रबंध खरंच बसस्थानकावर आहे. तुम्हाला कसं कळलं?

तांबट
सगळ्यांचा असतो. या दोन लेण्यांवरच दहा-बारा पानं नव्याने लिही, रेखाचित्रं घालून. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही हा परिच्छेद आधी पाठव, नाहीतर ते पत्रात ‘हिला वारसा-संवर्धनाची आवड आहे’ असं लिहून मोकळे होतील.

धनुकाका
सगळं वाचलं. छान चाललंय. बेटा, ऑफर लेटर आलं की मला व्यनि कर, एफडी निदान महिनाभर आधी खात्यात असावी लागते.